पणती तेल का पिते

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. साताऱ्यात एका शाळेच्या मैदानावर हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं, आणि कोपऱ्यातल्या एका टेबलामागे मी वहिनींच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. टेबलावर पणत्या, दह्याची मडकी, छोट्या कुंड्या. एक बाई आल्या, त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मोबाइल पुढे केला. पांढऱ्या फरशीवर पिवळट डाग, त्याच्या कडेला पणती. "गेल्या वर्षी तुमच्याकडूनच घेतल्या होत्या. सगळ्या गळक्या निघाल्या."

मला वाटलं, आता वहिनी दोन पणत्या फुकट देतील आणि विषय मिटवतील. त्यांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "ताई, डाग चोचीखाली हाय, बुडाखाली न्हाई. वात किती बाहेर काढली होती?"

बाई गोंधळल्या. त्यांनी वात चांगली बोटभर बाहेर काढली होती, ज्योत मोठी दिसावी म्हणून.

"मग पणती गळली न्हाई, वातीनं तेल सांडलं."

वहिनींचा मुद्दा पुढे घरी येऊन मी पडताळून पाहिला. वात तेल चढवते ते धाग्यांमधल्या बारीक फटींतून. ज्योत जेवढं जाळते त्यापेक्षा जास्त तेल वर आलं आणि वातीचं टोक पणतीच्या कडेबाहेर खाली झुकलेलं असलं, तर उरलेलं तेल त्या टोकावरून थेंबथेंब उतरत राहतं. टाकीतलं पाणी नळी लावून खाली काढतात, तोच प्रकार. त्याचा डाग एका बाजूला, चोचीच्या बरोब्बर खाली पडतो. पणती खरोखर पाझरत असेल तर डाग बुडाच्या आकाराचा, गोल येतो, आणि तो दिवा विझल्यावरही रात्रभर पसरत राहतो. दोन्ही डाग तेलाचेच, पण पहिल्याचं कारण लावणाऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याचं मातीत.

ही दुसरी गोष्ट मला जास्त खुणावत होती. भाजलेली साधी माती कितीही पक्की असली तरी तिच्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं राहतातच. माठातलं पाणी गार होतं ते त्यांच्यामुळे. कुंडीतली मुळं कुजत नाहीत, मडक्यातलं दही घट्ट लागतं, तेही त्यांच्याचमुळे. आणि पणतीतलं बरंच तेल वातीला मिळत नाही, तेही त्यांच्यामुळेच. एकाच भट्टीत, एकाच मातीतून ही सगळी भांडी काढायची तर कुणाची छिद्रं उघडी ठेवायची आणि कुणाची बुजवायची, हे कुंभाराला आधी ठरवावं लागतं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत मी वहिनी आणि त्यांचे यजमान, म्हणजे दादा, यांच्याकडे अधूनमधून जात होते, ते हे ठरवणं बघायला.

कऱ्हाडजवळच्या त्यांच्या गावात कुंभारांची आता दोनच घरं काम करतात. दादांच्या वडिलांचं दगडी चाक अंगणात पालथं पडलेलं आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. दादा विजेच्या छोट्या चाकावर बसतात. वहिनी चाकावर बसत नाहीत. चोच काढणं, घासणं, लेप देणं, छिद्र पाडणं, रचणं आणि विकणं ही त्यांची कामं. परंपरेनं बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हे सांगताना त्या हसल्या. "आता लावला तर कोण काय म्हनत न्हाई. पर मला वेळ कुठाय?"

माती दोन प्रकारची येते. तळ्यातला काळा गाळ उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर काढून ठेवतात. डोंगराकडची तांबडी, थोडी वाळू असलेली माती ट्रॉलीनं येते. काळी माती चिकट. चाकावर ती कशीही वळते, पण वाळताना एवढी आक्रसते की भांड्याला तडे जातात. आपल्याकडच्या शेतांना उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याच कारणानं. तांबडी माती भेगाळत नाही, पण चाकावर ओढली की फाटते. म्हणून दोन्ही मिसळतात. प्रमाण दादा पाट्यांत मोजतात आणि भांड्याप्रमाणे बदलतात.

वाळलेली ढेकळं फोडून हौदात भिजवायची, दोन दिवसांनी ढवळून पातळ राडा करायचा आणि तो जाळीतून गाळायचा. गाळण्यात आळस केला तर काय होतं, हे वहिनींनी मला एक मडकं दाखवून सांगितलं. मडकं छान भाजलेलं, पण पोटावर नखाएवढा टवका उडालेला आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं बाहेर निघतं तेव्हा काही दिसत नाही. मग तो चुना हवेतला दमटपणा ओढून फुगायला लागतो आणि आठ-पंधरा दिवसांनी आतून टवका उडवतो. तोवर भांडं गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेलं असतं. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका असला की गुन्हेगार चुनखडी. ठिपका नसेल तर भांडं कुठेतरी आपटलं आहे. खडे बारीकच असतील आणि शंका आली असेल, तर भट्टीतून काढलेली भांडी लगेच पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे चुना तिथल्या तिथे विरघळून मऊ पडतो. मोठ्या खड्यावर हा उपाय चालत नाही. त्याला जाळीच हवी.

पणतीसाठी दादा काळा गाळ जास्त घेतात, तोही दुसऱ्यांदा जुन्या सुती साडीतून गाळलेला. कण जेवढे बारीक तेवढे ते एकमेकांना चिकटून बसतात आणि छिद्रं लहान राहतात. पाच-सहा किलोचा गोळा चाकावर बसवतात आणि त्याच्या फक्त शेंड्यावर काम करतात. अंगठा आत, दोन बोटं बाहेर, एक वाटी उमलते, खाली दोऱ्यानं कापली की ती बाजूच्या फळीवर. गोळा खाली उतरत जातो. एका गोळ्यातून शंभरावर पणत्या निघतात. मी घड्याळ लावून पाहिलं, एका पणतीला दहा-बारा सेकंद. पण ही वेगाची गंमत पहिल्या अर्ध्या तासापुरती. नंतर दिसायला लागतं की दादांचं सगळं लक्ष बुडाकडे आहे. शेंड्यावर वळलेल्या भांड्याचं बूड दाबलं जात नाही, आणि दाबलं न गेलेलं बूड वाळताना वळीसारखी चीर देतं. म्हणून प्रत्येक वेळी दोरा लावण्याआधी ते मधलं बोट बुडावर एकदा टेकवून दाबतात. त्याला सेकंदही लागत नाही, पण ते चुकलं तर पणती खरोखरची गळकी होते.

फळी सावलीत जाते. तासा-दोन तासांनी पणती आंबटओली झाली की वहिनी चोच काढतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत कड धरायची आणि उजव्या तर्जनीनं मधे आत दाब द्यायचा. चोच अरुंद आणि थोडी वर उचललेली हवी. पसरट चोचीत वात आडवी पडते आणि बाहेर ओघळते. मैदानावरच्या त्या बाईंना वहिनी एवढ्या ठामपणे बोलल्या, कारण आपली चोच कशी आहे ते त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी, पणती जवळजवळ वाळली पण अजून थोडी गार लागते अशा वेळी, तिला आतून लेप देतात. लेप म्हणजे तांबड्या मातीचं गाळीव पाणी. माती पाण्यात कालवून रात्रभर ठेवायची, जड भाग तळाला बसतो, वरचं दाट रंगाचं पाणी अलगद काढून घ्यायचं. त्यात सगळ्यात बारीक कण असतात. ते बोटानं आत फिरवायचं, आणि चकाकी गेली की नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घासायचं. घासल्यावर कण आडवे पडून एकमेकांवर बसतात, पृष्ठभाग चमकतो आणि छिद्रांची तोंडं बुजतात. वहिनींच्या घासलेल्या पणतीला साध्या पणतीपेक्षा पाझर फारच कमी आहे. पण एका पणतीला घासायला दीड-दोन मिनिटं जातात. हजार पणत्यांना किती लागतील याचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तेवढा हिशेब आमाला येतो की. म्हणून तर सगळ्या घासत न्हाई." घासलेल्या वेगळ्या टोपलीत, वेगळ्या भावात.

रंगवलेल्या पणत्यांबद्दल इथेच सांगून टाकते, कारण बाजारात त्याच जास्त खपतात. बाहेरून दिलेला रंग पाझर थांबवत नाही. तेल आतून भिंतीत शिरतं, बाहेरच्या रंगामागे येऊन थांबतं आणि दोन-तीन दिवसांत रंगाचे पापुद्रे सुटतात. आतून, वातीजवळ रंग दिला असेल तर तो जळतो आणि दिव्याला तेलाचा न राहता रंगाचा वास येतो. वहिनी स्वतः रंगवतात, कारण गिऱ्हाईक मागतं. पण आतला भाग आणि चोच कोरी ठेवतात.

आता बिनघासलेल्या पणतीचं काय? पणत्या आधी पाण्यात भिजत घालायच्या, हे आपल्या आया-आज्या सांगतच आल्या. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते एकदा मोजलं. कोरडी पणती 35 ग्रॅमच्या आसपास. तीन तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा ठेवली तर 39 ते 40. म्हणजे साधारण चार-पाच ग्रॅम पाणी तिच्या अंगात मावतं. कोरडी लावली असती तर एवढीच जागा तेलानं भरली असती. पन्नास पणत्या कोरड्या लावल्या तर दोनशे ग्रॅमच्या आसपास तेल ज्योतीपर्यंत न पोचता मातीत जिरतं. मग मी तीन कोऱ्या आणि तीन भिजवलेल्या पणत्या वर्तमानपत्रावर ठेवून तेल घातलं. सकाळी कोऱ्यांच्या खाली कागद पारदर्शक झाला होता, गोल वर्तुळात, त्यातून खालच्या पानाची अक्षरं वाचता येत होती. भिजवलेल्यांच्या खाली कागद पाण्यानं सुरकुतला होता, पण तेलाचा डाग नव्हता. दुसऱ्या रात्री मात्र त्यांच्याखालीही पुसट गोल उमटायला लागला. पाणी उडून गेलं की तेल ती जागा घेतं. म्हणजे भिजवण्याचा उपयोग एका संध्याकाळपुरता. आदल्या आठवड्यात भिजवून वाळवून ठेवलेल्या पणतीला त्याचा काहीच फायदा नाही. आणि एकदा तेल प्यालेली जुनी पणती पुन्हा फारसं पीत नाही. माझी आजी जुन्या, काळ्याकुट्ट पणत्या फेकू देत नसे. तिला मी तेव्हा कंजूष समजत होते.

दह्याच्या मडक्याला हे सगळं उलटं. तिथे छिद्रं हवीच आहेत. दुधाचं दही होताना सुटणारं पाणी भिंत शोषून घेते आणि बाहेरून उडवते, त्यानं मडकं गारही राहतं. म्हणून मडक्याच्या मातीत दादा तांबडी माती आणि चाळलेली राख वाढवतात. आतून घासत नाहीत. ज्या गिऱ्हाइकाला पणतीची चमक आवडते तेच गिऱ्हाईक मडकंही चमकतं मागतं, आणि वहिनी देत नाहीत. चमक पाहिजे तर ती घासून येते, नाहीतर व्हार्निशनं. घासलेली असेल तर दही सैल लागेल, व्हार्निशची असेल तर ते पोटात जाईल. खाण्याच्या भांड्यावर काचेसारखी चकाकी दिसली तर ती कशाची आहे ते विकणाऱ्याला विचारावं. स्वस्त चकाकीत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतो.

विस्तवावरच्या भांड्यांचा प्रश्न आणखी निराळा. खानदेशात मांडे ज्या उपड्या खापरावर भाजतात ते खापर चुलीच्या जाळावर टिकतं, आणि प्रदर्शनातून आणलेली देखणी मातीची कढई गॅसवर पहिल्या आठवड्यात तडकते. कारण असं की भांड्याचा तापलेला भाग फुगतो, न तापलेला तिथेच राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत भिंत फाटते. बारीक, घट्ट मातीत तडा सुरू झाला की सरळ आरपार जातो. भरड, वाळूमिश्रित मातीत तो पुढच्या कणापाशी, पुढच्या छिद्रापाशी अडतो. आकाराचंही तसंच. गोल बुडात ताण पसरतो, सपाट बुडाच्या काटकोनी कडेवर तो गोळा होतो आणि तडा तिथेच जातो. गॅसच्या शेगडीवर नीट बसावं म्हणून लोक सपाट बूड मागतात, म्हणजे नेमकी कमजोर जागाच मागतात. दादांनी एक वर्ष अशा कढया केल्या, गिऱ्हाइकांचे फोन घेतले आणि बंद केल्या. आता ते स्वयंपाकघरासाठी दह्याची मडकी, चटणीच्या वाट्या, पाण्याची गडवी एवढंच करतात. विस्तवावर जाणारं एकही भांडं नाही. मला हा निर्णय त्यांच्या सगळ्या कसबापेक्षा मोठा वाटला. आपल्या मातीला काय जमत नाही हे मान्य करायला वर्षाचं नुकसान सोसावं लागलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भट्टी लागली. त्या भट्टीत दोन हजार पणत्या, चाळीस मडकी आणि साठ कुंड्या होत्या. कुंड्या एका रोपवाटिकेच्या ऑर्डरच्या. त्यांची कहाणी सांगायलाच हवी, कारण तिथे एक नाही, दोन चुका झाल्या.

रोपवाटिकेला साडेचौदा सेंटिमीटर तोंडाची प्लास्टिकची कुंडी आत बसेल अशी मातीची कुंडी हवी होती. म्हणजे भाजल्यावर आतलं तोंड पंधरा हवं. दादांची माती ओल्यापासून भाजेपर्यंत दहाला एक आक्रसते. दहा सेंटिमीटरची रेघ ओल्या पट्टीवर ओढून ती पट्टी भाजून त्यांनी हे फार पूर्वी मोजलेलं होतं. पंधरा हवेत तर ओली कुंडी पावणेसतराला थोडी कमी. त्यांनी त्या मापाची काडी कापली आणि साठही कुंड्या त्या काडीवर घेतल्या. फक्त त्या वर्षीचा गाळ तळ्याच्या दुसऱ्या कडेचा होता, जास्त चिकट. नवी पट्टी भाजून पाहिली नव्हती. तो गाळ दहाला दीड आक्रसला. कुंड्या सव्वाचौदाच्या आत निघाल्या. प्लास्टिकची कुंडी तोंडावर अडकून बसायची, आत जायची नाही.

पण ते कळलं नंतर. त्याआधी परतीचा पाऊस आला. पणती दोन दिवसांत वाळते. कुंडीची भिंत बोटभर जाड, तिला कोरड्या हवेत आठ-दहा दिवस लागतात आणि दमट हवेत कितीही. वरून ती पांढरट, कोरडी दिसते. वाळलंय की नाही ते वहिनी गालानं बघतात. भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे, ते उडतंय म्हणूनच गार लागतं. त्या दिवशी त्यांनी दोन कुंड्या गालाला लावल्या आणि म्हणाल्या, अजून दोन दिवस. दादा म्हणाले, दिवाळी थांबणार नाही. भट्टी रचली.

पहिले काही तास फक्त धुमी देतात. भुसा आणि ओलसर लाकडं, जाळ जवळपास नाहीच. या वेळात मातीतलं उरलेलं पाणी हळूहळू निघून जावं, हा उद्देश. दादांनी धुमी दिली, पण नेहमीएवढीच. जाळ वाढवल्यावर थोड्या वेळानं आतून पहिला आवाज आला. फटाका दाबून फुटावा तसा. मग दुसरा. आतलं पाणी वाफ झालं की त्याला बाहेर पडायला भिंतीतली बारीक वाट पुरत नाही आणि भांडं फुटतं. फुटलेल्या खापऱ्या आजूबाजूच्या पणत्यांत घुसतात. वहिनी काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा टाकला. मी मोजत होते, पण चौदानंतर थांबले.

आच चढत गेली की झरोक्यातून रंग दिसतो. आधी काळपट लाल, मग चेरीसारखा, मग केशरी. दादांकडे तापमान बघायचं यंत्र नाही. वरच्या थरातली भांडी केशरीकडे झुकली की ते जाळ थांबवतात, हा अंदाजे नऊशे अंशांचा टप्पा. कमी भाजलं तर भांडं पाण्यात मऊ पडतं, जास्त चढवलं तर ही काळी माती फुगते, वाकडी होते. भट्टी बंद करून दीड दिवस तशीच सोडतात. घाई करून उघडली तर गार हवेनं उरलेलीही तडकतात.

उघडताना मी होते. दादा एकेक भांडं तळहातावर घेऊन टिचकी मारत होते. खणखणीत वाजलं तर डावीकडे, बद्द वाजलं तर उजवीकडे. मला गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. थापटण्यानं संतांची डोकी वाजवून नामदेवांना त्यांनी कच्चं मडकं ठरवलं, ती. मी ती काढली तर दादा हसले. "थापटणं कच्च्यावरच चालवत्यात, ताई. आकार द्यायला. भाजलेल्यावर मारलं तर फुटंल की. काकांना ते कळत न्हाई व्हय? म्हणजे सगळीच कच्ची समजून हानली आसतील." ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण तिच्याकडे अवजाराच्या बाजूनं कुणी बघितलेलं मी ऐकलं नव्हतं.

साठ कुंड्यांतल्या एकोणीस गेल्या. उरलेल्या एकेचाळीस मापात बसल्या नाहीत. रोपवाटिकेनं त्या घेतल्या नाहीत, आणि त्यात त्यांची चूक काढता येत नाही. पणत्यांतल्या तीनएकशे फुटलेल्या, टवके गेलेल्या. त्या एकेचाळीस कुंड्या वहिनींनी प्रदर्शनात आणल्या, तळाशी छिद्र होतंच, "कोरफडीसाठी" म्हणून मांडल्या. मातीची कुंडी कोरफडीला खरंच चांगली, कारण भिंतीतून पाणी उडतं आणि मुळं भिजत राहत नाहीत. पण लावण्याआधी कुंडी पाण्यात बुडवायची, हे त्या प्रत्येकाला सांगत होत्या. नाहीतर पहिलं घातलेलं सगळं पाणी कुंडीच पिऊन टाकते. आणि खाली मातीची ताटली असेल तर ती लाकडावर ठेवायची नाही, कारण ताटलीही पाझरते. महिन्याभरानं बाहेरून पांढरे डाग आले तर ती सहसा बुरशी नसते, पाण्यातले क्षार असतात.

प्रदर्शनाच्या तीन दिवसांत काय विकलं गेलं, ते वहिनींच्या वहीतून उतरवून घेतलं. सहा पणत्यांचे 140 संच, साठ रुपयांनी. 33 कुंड्या, शंभरानं. 31 मडकी, एकशेवीसनं. एकूण 15,420. त्यातून टेबलाचं भाडं, टेम्पो, राहणं-जेवणं आणि खोकी-पेंढा मिळून अकरा हजार गेले. लाकूड-भुसा आणि माती अडीच हजार. हातात उरले दोन हजारांच्या आत, दोघांच्या जवळजवळ महिन्याच्या कामाचे. ठोक बाजारात साच्यात दाबलेली पणती दीड-दोन रुपयांना मिळत होती, वहिनी दहाला विकत होत्या, आणि तरी हे.

मग प्रदर्शनाला यायचंच कशाला? वहिनींचं उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर होतं. तिथे फोन नंबर होते. दह्याच्या मडक्यांच्या गिऱ्हाइकांचे अकरा, त्यातले दोन हॉटेलांचे. दुकानांना माल देणं त्यांना फारसं पटत नाही. एका दुकानानं माल विकल्यावर पैसे देतो म्हणून सहा महिने ठेवला आणि अठरा मडकी टवके उडालेली परत पाठवली. दुकानाच्या गुदामात टवके उडाले की चुनखडीनं, यावर वाद झाला. वहिनींनी खड्ड्यांत पांढरा ठिपका आहे का ते पाहिलं. सहांमध्ये होता. त्या सहांचे पैसे त्यांनी सोडले, बाराचे घेतले. आता वहिनी दुकानांना माल रोखीनं देतात किंवा देतच नाहीत.

त्या दिवशी तक्रार घेऊन आलेल्या बाई अजून टेबलापाशीच होत्या. वहिनींनी त्यांना वात जेमतेम तांदळाएवढी बाहेर ठेवायला सांगितली. बाईंना पटलं असावं, पण त्या गेल्या वर्षीचा डाग विसरायला तयार नव्हत्या. "पण पाण्यात भिजवल्यानं काय होतं? नुसती अंधश्रद्धा."

टेबलाखाली पाण्यानं भरलेलं एक प्लास्टिकचं घमेलं होतं. छापलेली सूचनापत्रं कुणी वाचत नाही, म्हणून वहिनी हे घमेलं प्रत्येक प्रदर्शनात आणतात. त्यांनी ते वर उचलून टेबलावर ठेवलं आणि एक कोरी पणती पाण्यात सोडली. पणती बुडाली आणि तिच्या अंगातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे सुटायला लागले, सगळ्या बाजूंनी, बारीक सळसळ करत. बाईंबरोबरचा पाच-सहा वर्षांचा मुलगा टाचा उंचावून बघत होता. त्यानं कान पाण्याजवळ नेला.

"कधी थांबणार?"

"पोट भरलं की," वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी मडकं कागदात गुंडाळायला लागल्या. बुडबुडे बराच वेळ चालले. मुलगा हलला नाही. बाईंनी तेवढ्यात बिनघासलेल्या टोपलीतून सहा पणत्या निवडल्या, प्रत्येकीची चोच बोटानं चाचपून.